दूध पचत नसेल तर प्रोटीन पावडर कशी निवडावी: व्हे की वनस्पतिजन्य, हे टप्प्याटप्प्याने ठरवण्याची रीत

दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुडगुडते किंवा जुलाब होतात, अशी माणसे प्रोटीन पावडर घेताना बहुधा एकच ठरावीक चूक करतात. व्हे दुधापासून बनते म्हणून ती पावडर सरसकट टाकून देतात, महागडी वनस्पतिजन्य पावडर आणतात, तीही पोटाला सोसली नाही की 'मला कोणतेच प्रोटीन पचत नाही' असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात त्रास पावडरीतील लॅक्टोजचा होता, ती ज्या दुधात कालवली त्या दुधाचा होता, की पावडरीत मिसळलेल्या तिसऱ्याच घटकाचा, हे तपासलेलेच नसते. हे तीन संशयित एकेक करून वेगळे काढले, तर बहुतेकांचा प्रश्न थोड्या दिवसांत आणि फारसा खर्च न करता सुटतो. त्यासाठी खालील क्रम पाळणे आवश्यक आहे. टप्पे मागेपुढे केले तर निष्कर्ष चुकतो.

## टप्पा 1: त्रास लॅक्टोजचाच आहे ना, याची खात्री करा

लॅक्टोज ही दुधातील साखर आहे. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर तिचे दोन तुकडे करते आणि मगच ती शरीरात शोषली जाते. हे विकर कमी पडले की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. शिवाय ही साखर आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, त्यामुळे शौचाला पातळ होते. हा त्रास साधारणपणे दूध घेतल्यानंतर अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत सुरू होतो आणि दुधाचे प्रमाण वाढले की तोही वाढतो. या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात, कारण पुढील प्रत्येक टप्प्यावर त्यांचा उपयोग होणार आहे.

दुधाची ॲलर्जी ही याहून पूर्णपणे वेगळी बाब आहे. तिथे शरीराचा विरोध साखरेला नसून दुधातील प्रथिनांना असतो. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, उलटी होणे, श्वास लागणे ही तिची लक्षणे आहेत.

इशारा: दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर कोणतीही व्हे पावडर घेऊ नये. लॅक्टोज जवळजवळ काढून टाकलेली आयसोलेट पावडरसुद्धा चालत नाही, कारण ती म्हणजे नेमके तेच प्रथिन अधिक शुद्ध स्वरूपात असते. लॅक्टेजच्या गोळीचाही इथे काही उपयोग नाही. अशा वाचकांनी थेट टप्पा 5 वाचावा.

खात्री करून घ्यायची असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी होते. तिच्यात उपाशीपोटी लॅक्टोजचे द्रावण प्यायला देतात आणि पुढील काही तास ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने घेतात. प्रत्येकालाच ही चाचणी करावी लागते असे नाही. परंतु त्रास अलीकडेच, जुलाबांच्या आजारानंतर सुरू झाला असेल तर तो तात्पुरता असू शकतो, आणि वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागत असेल, तर पावडरींचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

## टप्पा 2: पेल्यात एकूण किती लॅक्टोज येते, याचा हिशेब मांडा

लॅक्टोज न पचणे ही 'आहे किंवा नाही' अशी स्थिती नसून ती प्रमाणाची गोष्ट आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 साली घेतलेल्या आढाव्यानुसार, लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज विशेष त्रास न होता सोसते. जेवणाबरोबर घेतले तर थोडे अधिकही चालते. काही जणांना मात्र याच्या निम्म्या प्रमाणानेही त्रास होतो. म्हणून 12 हा आकडा आपली हक्काची मर्यादा न मानता केवळ अंदाजाचा टेकू मानावा.

आता मुख्य आकडे पाहू. गाईच्या किंवा म्हशीच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 12 ग्रॅम. बाजारात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या, 80 टक्के प्रथिने असलेल्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज वजनाच्या साधारण 4 ते 8 टक्के असते. 30 ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये ते सव्वा ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान येते. आयसोलेटमध्ये लॅक्टोज बहुधा एक टक्का किंवा त्याहून कमी असते, म्हणजे एका स्कूपमध्ये 0.3 ग्रॅमच्या आसपास. वनस्पतिजन्य पावडरीत लॅक्टोज मुळातच नसते.

हे आकडे शेजारी ठेवले की सर्वांत सामान्य चूक आपोआप उघडी पडते: पावडर दुधात कालवणे. स्कूपमधून दोन ग्रॅम लॅक्टोज येते आणि पेलाभर दुधातून बारा, आणि ठपका मात्र पावडरीवर बसतो. वनस्पतिजन्य पावडर आणून ती नेहमीच्याच दुधात ढवळणारे तर कितीतरी जण आहेत. त्यांनी पावडर बदलली, पण लॅक्टोज जवळजवळ होते तेवढेच राहिले.

दूध उकळल्याने, आटवल्याने किंवा साय काढल्याने लॅक्टोज जात नाही. आटवल्यावर ते उलट दाट होते. स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या भुकटीत तर जवळजवळ निम्मे वजन लॅक्टोजचे असते. वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या 'मास गेनर' पावडरींमध्ये ही भुकटी अनेकदा वापरलेली असते आणि त्यांचा एका वेळचा डोसही मोठा असतो. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी असा डबा घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नये.

तपासणी: आपण सध्या जे पेय घेता त्यातील प्रत्येक पदार्थ कागदावर मांडा: दूध किती, दही किती, पावडर किती, आइसक्रीम किंवा दुधाची भुकटी आहे का. लॅक्टोजचा मोठा वाटा कुठून येतो हे कळल्याशिवाय नवी पावडर विकत घेऊ नका.

## टप्पा 3: डब्यावरील मजकूर योग्य क्रमाने वाचा

डब्याच्या दर्शनी भागावरील मोठी अक्षरे सोडून द्यावीत आणि मागची बाजू वाचावी. तिथे तीन ठिकाणी थांबायचे आहे.

पहिले ठिकाण म्हणजे घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पुढे 'आयसोलेट' असे ठळक छापलेले असले आणि मागे यादीत आधी 'व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट' व नंतर 'व्हे प्रोटीन आयसोलेट' असे असेल, तर ते मिश्रण आहे आणि त्यात कॉन्सन्ट्रेट अधिक आहे. 'हायड्रोलाइज्ड व्हे' या शब्दावरून प्रथिनांचे आधीच तुकडे केलेले आहेत एवढेच कळते, लॅक्टोजविषयी काहीही कळत नाही. ते तुकडे कॉन्सन्ट्रेटचे आहेत की आयसोलेटचे, हे यादीतच पाहावे लागते.

दुसरे ठिकाण म्हणजे पोषणतक्ता. त्यावर लॅक्टोजची स्वतंत्र ओळ बहुधा नसते, पण ते काढता येते. पावडर बिनचवीची असेल, म्हणजे तिच्यात कोको, साखर किंवा अन्य काही मिसळलेले नसेल, तर तिच्यातील जवळजवळ सगळी कर्बोदके म्हणजे लॅक्टोजच असते. चवीची पावडर असेल तर 'एकूण साखर' या आकड्यातून 'वरून घातलेली साखर' वजा करावी. उरलेला आकडा ही लॅक्टोजची कमाल मर्यादा समजावी. उदाहरणार्थ, एका स्कूपमध्ये कर्बोदके 3.5 ग्रॅम, एकूण साखर 2 ग्रॅम आणि वरून घातलेली साखर शून्य असेल, तर लॅक्टोज जास्तीत जास्त 2 ग्रॅम आहे, आणि उरलेली दीड ग्रॅम कर्बोदके कोको किंवा घट्टपणा आणणाऱ्या घटकांची आहेत. लॅक्टेज घालून 'लॅक्टोजमुक्त' केलेल्या पावडरीत मात्र लॅक्टोजचे तुकडे होऊनही साखरेचा आकडा तसाच दिसतो, म्हणून तिला हा हिशेब लावू नये.

तिसरे ठिकाण सर्वांत दुर्लक्षित आहे आणि वनस्पतिजन्य पावडर घेणाऱ्यांनी तर तिथे दुप्पट वेळ द्यावा. गोडी आणणारे आणि तंतू वाढवणारे घटक शोधा. इन्युलिन किंवा चिकोरीच्या मुळाचे तंतू, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल हे घटक लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. इन्युलिन तर मोठ्या आतड्यात जाऊन अगदी लॅक्टोजसारखेच आंबते. त्यामुळे लॅक्टोजचा अंशही नसलेल्या पावडरीने पोट तसेच्या तसे फुगू शकते, आणि अनुभवावरून दोहोंतील फरक सांगणे अवघड होते.

तपासणी: पहिल्या प्रयोगासाठी घटकांची यादी शक्य तितकी लहान असलेली, इन्युलिन आणि वरील साखरपर्यायांविना असलेली पावडर निवडा. एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख डब्यावर आहे ना, हेही पाहून घ्या. सुट्या पिशवीत मोजून मिळणारी पावडर या प्रयोगासाठी बाद समजा, कारण तिच्यात काय आहे हे कळण्याचा मार्ग नाही.

## टप्पा 4: आधी व्हे, आणि तीही पाण्यात, तपासा

ज्यांना ॲलर्जी नाही आणि ज्यांची दुग्धजन्य पदार्थ टाळण्याची इच्छा केवळ पोटाच्या त्रासामुळे आहे, त्यांनी व्हे आधी तपासावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. स्नायू घडण्याची प्रक्रिया सुरू करणारे ल्यूसिन हे अमिनो आम्ल व्हेमध्ये प्रथिनांच्या साधारण दहा टक्के किंवा थोडे अधिक असते, तर मटारच्या किंवा सोयाच्या प्रथिनांत ते आठ टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय व्हे पाण्यात सहज विरघळते आणि घरी आधीच डबा असेल तर नवा खर्चही होत नाही.

प्रयोगाची पूर्वतयारी अशी करावी. तीन दिवस पावडर पूर्ण बंद ठेवावी आणि दूध, बासुंदी, खीर, आइसक्रीम असे पदार्थही टाळावेत. चहातील दोन चमचे दूध बहुतेकांना बाधत नाही, पण प्रयोगापुरते तेही सारखेच ठेवावे, एक दिवस अधिक आणि एक दिवस कमी असे करू नये. या तीन दिवसांतही पोट फुगतच राहिले, तर त्रासाचे मूळ दुसरीकडे आहे आणि पुढील प्रयोगाचा निष्कर्ष भरवशाचा ठरणार नाही.

चौथ्या दिवसापासून अर्धा स्कूप पावडर 200 ते 250 मिलिलिटर साध्या पाण्यात, नाश्ता किंवा जेवण झाल्यावर घ्यावी. पोटात अन्न असले की पेय आतड्यात सावकाश उतरते आणि असेल तेवढ्या लॅक्टेजला काम करायला वेळ मिळतो. व्यायामानंतर लगेच, रिकाम्या पोटी, एका दमात पिणे ही त्रास ओढवून घेण्याची हमखास रीत आहे, आणि व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत पावडर घेतलीच पाहिजे असे बंधन पाळण्याची गरज नाही. दिवसभरातील एकूण प्रथिने अधिक महत्त्वाची असतात.

स्कूप डोळ्यांनी भरू नये, स्वयंपाकघरातील काट्यावर ग्रॅममध्ये तोलावा. दाबून भरलेला आणि सैल भरलेला स्कूप यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो, आणि वेगळ्या कंपनीचा स्कूप वेगळ्या आकाराचा असतो.

शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर घालून हलवावे आणि नंतर पाच ते दहा मिनिटे ते बाजूला ठेवावे. व्हे जोरात हलवली की वर दाट फेस येतो. तो तसाच गिळला तर पोटात हवा जाते, ढेकरा येतात आणि पोट ताणल्यासारखे वाटते. हा त्रास पिताना किंवा पिऊन झाल्यावर काही मिनिटांतच जाणवतो आणि पोटाच्या वरच्या भागात असतो. लॅक्टोजचा त्रास उशिरा येतो आणि बेंबीखाली जाणवतो.

दोन ते तीन दिवस अर्धा स्कूप सोसला तर पुढील तीन दिवस पूर्ण स्कूप घ्यावा. रोज चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता घेतली, किती ग्रॅम, त्रास किती वेळाने सुरू झाला, आणि त्या दिवशी राजमा, छोले, कोबी किंवा कच्चा कांदा असे वायू करणारे काही खाल्ले होते का.

याचे अर्थ असे लावावेत. पाण्यात पूर्ण स्कूप सोसला, तर दोष दुधाचा होता. कॉन्सन्ट्रेटच पुढे चालू ठेवावे, महाग आयसोलेटची गरज नाही. अर्धा स्कूप सोसला पण पूर्ण स्कूपने त्रास झाला, तर तो दिवसातून दोन वेळा अर्धा-अर्धा घ्यावा किंवा आयसोलेटकडे वळावे. आयसोलेटचा पूर्ण स्कूप पाण्यात घेऊनही तेवढाच त्रास झाला, तर संशय लॅक्टोजवरून काढून त्या पावडरीतील गोडी आणणाऱ्या व घट्टपणा आणणाऱ्या घटकांकडे न्यावा, कारण एवढ्या अल्प लॅक्टोजने पोट बिघडणे विरळा असते.

शंका उरलीच तर लॅक्टेजची गोळी उत्तम परीक्षा घेते. ती पहिल्या घोटाबरोबर घ्यावी. त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. गोळीसह तेच पेय सोसले तर कारण लॅक्टोज. गोळी घेऊनही पोट तसेच फुगले तर कारण बहुधा दुसरे, कारण लॅक्टेज इन्युलिनवर किंवा सॉर्बिटॉलवर काम करत नाही.

इशारा: शेकर वापरल्याबरोबर धुवावा, झाकण आणि त्यातील जाळी वेगळी करून. दमट हवेत बंद शेकरमध्ये राहिलेला प्रथिनांचा थर काही तासांत नासतो, आणि त्यातून झालेली पोटदुखी पावडरीच्या नावावर जमा होते. झाकण उघडल्यावर आंबट वास आला तर त्यातून काहीही पिऊ नये.

## टप्पा 5: वनस्पतिजन्य पावडर तपासा

दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी, प्राणिजन्य पदार्थ न घेणाऱ्यांसाठी आणि वरील टप्प्यात आयसोलेटही न सोसलेल्यांसाठी हा मार्ग आहे. इथे दोन ठिकाणी लोक चुकतात.

पहिली चूक पीठ आणि पावडर यांची गल्लत करण्याची. घरी भाजून दळलेले सोयाबीन, सत्तू किंवा मटारचे पीठ हे चांगले अन्न आहे, पण ते वेगळे काढलेले प्रथिन नव्हे. सत्तूमध्ये 100 ग्रॅमला साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिने असतात, तर मटारच्या आयसोलेटमध्ये सुमारे 80 ग्रॅम. म्हणजे 24 ग्रॅम प्रथिनांसाठी सत्तू शंभर ग्रॅमहून अधिक लागेल. शिवाय कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात, ज्या पचवणारे विकर कोणाच्याच आतड्यात नसते. त्या थेट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात. आयसोलेट तयार करताना त्यांचा बराच भाग निघून जातो, पिठात मात्र त्या तशाच राहतात. सोयाबीनच्या पिठाने पोट फुगले म्हणून वनस्पतिजन्य प्रथिनेच सोसत नाहीत असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. यादीत 'मटार प्रथिन आयसोलेट' किंवा 'सोया प्रथिन आयसोलेट' असे शब्द आहेत ना, हे पाहावे.

दुसरी चूक प्रमाणाची. मटारच्या प्रथिनात मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि तांदळाच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी. दोन्ही एकत्र केली की एकमेकांची उणीव भरून निघते, म्हणून मटार व तांदूळ यांचे मिश्रण एकट्या तांदळाच्या पावडरीपेक्षा बरे. वरणभात, पोळी, उसळ असे जेवण दिवसभरात होणार असेल तर ही उणीव जेवणातूनही भरते, त्यामुळे प्रत्येक पेल्यात ते गणित जुळलेच पाहिजे असा हट्ट नको. ल्यूसिन कमी असल्यामुळे मात्र एका वेळचे प्रथिन थोडे वाढवावे: व्हेची 20 ग्रॅम प्रथिने घेत असाल तर इथे 25 ग्रॅम धरावीत. पावडरीत प्रथिनांचे प्रमाण 70 ते 75 टक्के असेल तर त्यासाठी 33 ते 36 ग्रॅम पावडर लागते.

प्रयोगाचा क्रम टप्पा 4 प्रमाणेच: तीन दिवस मोकळे, मग पाण्यात अर्धे प्रमाण, मग पूर्ण. फक्त कालवण्याची रीत थोडी वेगळी आहे. मटारची पावडर पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तर फुगून तरंगत राहते. शेकरमध्ये आधी पावडर टाकली तर तळाच्या कोपऱ्यात कोरडा गोळा चिकटतो आणि पेल्याच्या शेवटी वाळूसारखा गाळ जिभेवर येतो. आधी गार पाणी, मग थोडी थोडी पावडर, हलवून पाच मिनिटे मुरू देणे आणि पिण्याआधी पुन्हा एकदा हलवणे, एवढे केले की रवाळपणा बराच कमी होतो. तो स्वाद नकोच वाटला तर बिनचवीची पावडर धिरड्याच्या किंवा थालिपिठाच्या पिठात मिसळावी. पीठ नेहमीपेक्षा जास्त पाणी ओढते, त्यामुळे पाणी वाढवून दहा मिनिटे भिजू द्यावे. गरम तव्याने प्रथिनांचे पोषणमूल्य वाया जात नाही.

इशारा: शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी काहींना मटारच्या प्रथिनाचीही ॲलर्जी होऊ शकते, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. थायरॉईडसाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांनी सोयाची पावडर गोळीच्या जवळपासच्या वेळी घेऊ नये, कारण ती औषधाचे शोषण कमी करते. दोहोंत किती अंतर ठेवायचे हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मटारच्या पावडरीवरील सोडियमची ओळ वाचावी, ती अनेकदा अपेक्षेपेक्षा मोठी असते. भाताचे पीक जमिनीतील आर्सेनिक आणि कॅडमियम शोषून घेते, म्हणून तांदळाची पावडर घेताना जड धातूंच्या तपासणीचा अहवाल देणारी कंपनी निवडावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर व्हे असो वा वनस्पतिजन्य, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतीच पावडर सुरू करू नये.

## एक उदाहरण, पहिल्या हिशेबापासून शेवटच्या निर्णयापर्यंत

समजा, 60 किलो वजनाची, शाकाहारी आणि आठवड्यातून चार दिवस वजने उचलण्याचा व्यायाम करणारी एक तरुणी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली प्रौढांसाठी सुचवलेले रोजचे प्रमाण, किलोमागे 0.83 ग्रॅम, धरले तर तिला 50 ग्रॅम प्रथिने लागतात. व्यायाम धरून किलोमागे सव्वा ग्रॅम मानले तर 75 ग्रॅम. तिच्या जेवणातून सुमारे 50 ग्रॅम मिळतात, म्हणजे 25 ग्रॅमची तूट आहे आणि ती एका स्कूपने भरते. दोन स्कूप घेण्याचे तिला कारण नाही.

ती संध्याकाळी व्यायामानंतर, रिकाम्या पोटी, 250 मिलिलिटर दुधात व्हे कॉन्सन्ट्रेटचा एक स्कूप आणि एक केळे फिरवून पिते. तासाभरात पोट फुगते. हिशेब केला तर दुधातून 12 आणि पावडरीतून 2, मिळून 14 ग्रॅम लॅक्टोज एका वेळी पोटात जाते. त्रास झाल्यावर तिने चवीची वनस्पतिजन्य पावडर आणली, दूध तेच ठेवले. लॅक्टोज 14 वरून 12 वर आले, आणि यादीत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या इन्युलिनची त्यात भर पडली. त्रास कमी होण्याऐवजी वाढला, यात नवल नाही.

आता ती क्रमाने जाते. तीन दिवस दूध आणि पावडर बंद केल्यावर पोट शांत होते, म्हणजे प्रयोग करण्यायोग्य स्थिती आली. जुन्याच कॉन्सन्ट्रेटचा अर्धा स्कूप जेवणानंतर पाण्यात घेतल्यावर काहीच होत नाही. पूर्ण स्कूपने पहिल्या दिवशी पिताच ढेकरा येतात. फेस बसू दिल्यावर त्याही थांबतात. त्यानंतर वहीत तीन दिवस त्रासाची नोंद नाही. तिच्यासाठी निर्णय झाला: जुना डबा, पाण्यात, जेवणानंतर. केळे ती वेगळे खाते. ज्या दिवशी दुधातच घ्यावेसे वाटेल त्या दिवशी लॅक्टोजमुक्त दूध किंवा सोयाचे दूध वापरायचे. बदामाच्या बाजारी दुधात प्रथिने नगण्य असतात, म्हणून ती तूट भरण्यासाठी त्याचा हिशेब धरायचा नाही.

तिच्या जागी पाण्यातील पूर्ण स्कूपनेही त्रास झालेली व्यक्ती असती, तर तिने आयसोलेट घेतले असते. आणि दुधाची ॲलर्जी असलेली व्यक्ती असती, तर इन्युलिन नसलेले मटार-तांदळाचे मिश्रण.

## टप्पा 6: दोन पर्याय सोसले तर किमतीची तुलना करा

डब्यांच्या किमतींची थेट तुलना करू नये. प्रत्यक्ष मिळणाऱ्या प्रथिनांची किंमत काढावी. डब्याच्या वजनाला प्रथिनांच्या टक्केवारीने गुणले की एकूण प्रथिने मिळतात, आणि किमतीला त्या संख्येने भागले की एका ग्रॅमचा भाव. एक किलो कॉन्सन्ट्रेट 2,400 रुपयांना मिळत असेल आणि त्यात 80 टक्के प्रथिने असतील, तर 800 ग्रॅम प्रथिने म्हणजे ग्रॅमला 3 रुपये. एक किलो वनस्पतिजन्य पावडर 2,100 रुपयांना आणि 70 टक्के प्रथिनांची असेल, तर 700 ग्रॅम म्हणजे तोच 3 रुपये भाव. वरवर पाहता ती 300 रुपयांनी स्वस्त दिसत होती. त्यातही वनस्पतिजन्य प्रथिन थोडे अधिक घ्यावे लागते हे धरले, तर रोजचा खर्च तिचाच जास्त येतो. लॅक्टेजच्या गोळ्या रोज लागणार असतील तर त्यांची किंमतही कॉन्सन्ट्रेटच्या बाजूला मिळवावी. अनेकदा त्या बेरजेपेक्षा आयसोलेटच परवडते.

पहिला डबा नेहमी लहान घ्यावा, अर्धा किलोचा किंवा एकेका वेळच्या बंद पुड्यांचा, आणि पूर्ण स्कूप किमान आठवडाभर सोसल्यानंतरच मोठा डबा मागवावा.

## नवा डबा आल्यावर

त्याच कंपनीचा, त्याच नावाचा डबा पुन्हा मागवला तरी यादी पुन्हा वाचावी. चव बदलली की घटक बदलतात: साध्या चवीत नसलेले इन्युलिन किंवा दुधाची भुकटी कुकीज किंवा कुल्फीच्या चवीत असू शकते. कंपन्या मिश्रणातील कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेटचे प्रमाणही नाव न बदलता बदलतात, आणि ते फक्त मागच्या तक्त्यातील साखरेच्या ओळीवर दिसते. जुना डबा टाकण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा, नव्या डब्याशी तो ओळीने ताडून पाहावा, आणि काही बदललेले आढळले तर पहिले दोन दिवस पुन्हा अर्ध्या स्कूपनेच सुरुवात करावी.